गल्ला रोज जुळतो, तरी महिनाअखेर पैसे उरत नाहीत

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. "संध्याकाळी गल्ला मोजतो. दहा-वीस रुपयांचा फरक, बास. गिऱ्हाईक कमी झालेलं नाही, उलट रविवारी बसायला जागा नसते. तरी पाववाल्याचे पैसे द्यायची वेळ आली की खात्यात काही नसतं." मी लहान दुकानांचे आणि हॉटेलांचे हिशेब लिहितो. हे वाक्य किराणावाल्याकडून, मेडिकलवाल्याकडून आणि सगळ्यात जास्त वेळा हॉटेलवाल्याकडून ऐकलं आहे. म्हणून इथे एका हॉटेलचंच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं, मिसळ, वडापाव आणि चहाचं हॉटेल. काउंटरवर एक पोरगा, तीन वेटर, भटारखान्यात दोघं, आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः मालक.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. गल्ला जुळला म्हणजे चोरी नाही, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात गल्ल्यात पैसे कमी पडतात ते सुटे देताना झालेल्या चुकीनं, किंवा अगदी नवख्या चोरामुळे. ज्याला काउंटरची सवय आहे तो गल्ल्यातून पैसे उचलतच नाही. तो विक्री बिलात येऊच देत नाही. बिल झालं नाही तर मशिनच्या हिशेबात ते पैसे कधी जन्मालाच आले नाहीत, मग कमी कुठून पडणार? संध्याकाळी मशिन म्हणतं 14,360, गल्ल्यातही 14,360, आणि मालक निश्चिंत झोपतो. मशिनमध्ये आकडा टाकणारा आणि गल्ल्यात पैसे टाकणारा माणूस एकच असेल, तर ते दोन आकडे एकमेकांशी जुळणं ही काही तपासणी नव्हे. एकाच माणसाची सही दोनदा घेण्यासारखं आहे ते.

म्हणून तपासणीसाठी असा आकडा लागतो जो काउंटरवरच्या माणसाच्या हातून गेलेलाच नाही. किराणा दुकानात तो गोदामातला माल असतो, मेडिकलमध्ये स्ट्रिपा, मिसळीच्या हॉटेलात पाव.

पाव मोजायचे, रुपये नाही

या मालकांनी सुरुवातीला मला कच्च्या मालाच्या खर्चाचा आकडा दाखवला. आधी शंभर रुपयांच्या विक्रीमागे 38 रुपयांचा माल लागायचा, आता 44 लागतो. चोरीची शंका त्यांना त्यावरूनच आली होती. पण हा आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. मटकी महागली, तेल महागलं, आचारी सढळ हातानं वाढायला लागला, अन्न वाया जायला लागलं, किंवा विक्री लपवली जातेय, काहीही झालं तरी हा आकडा वर जातो. रुपयांत पाहिलं की ही सगळी कारणं एकत्र कालवली जातात. नग मोजले की भाववाढ आपोआप बाजूला पडते. पावाचा भाव काहीही झाला तरी एका मिसळीबरोबर दोनच पाव जातात.

त्यांच्याकडे येणारी लादी आठ पावांची. एका मंगळवारी 60 लाद्या आल्या, म्हणजे 480 पाव. आदल्या दिवशीचा एकही शिल्लक नव्हता. रात्री उरले 22. तुटलेले, भिजलेले असे टाकून दिलेले 6. नोकरमंडळींनी खाल्ले 14. म्हणजे गिऱ्हाइकांच्या पोटात 438 पाव गेले. आता मशिन काय म्हणतं ते पाहिलं: मिसळ 150 प्लेट, म्हणजे 300 पाव. जादा पाव 58. वडापाव 40, म्हणजे आणखी 40. एकूण 398. मधले 40 पाव कुठे गेले? ते सगळे मिसळीबरोबर गेले असं धरलं, तर 20 प्लेट, 80 रुपयांच्या भावानं 1,600 रुपये. त्या दिवशी गल्ला पैशापैशानं जुळला होता.

इथे उतावीळ व्हायचं नाही. एका दिवसाच्या 40 पावांवरून कुणाला चोर ठरवता येत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वेटर एखादा पाव तसाच देतो. नोकरांनी खाल्लेल्याचा आकडा अंदाजे असतो. पाववालासुद्धा कधी एखादी लादी कमी टाकून जातो, आणि पहाटे पाच वाजता ती कुणी मोजत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे पाव आल्या आल्या मोजून घ्यायचे आणि भिंतीवरच्या वहीत लिहायचे, तेही काउंटरवाल्यानं नाही, भटारखान्यातल्या माणसानं. मग आठवडाभर रोज हाच हिशेब करायचा. कुणाला काही सांगायचं नाही. विचारलंच तर "पाव उरतात फार, ऑर्डर कमी करायची आहे," एवढंच सांगायचं.

आठवड्याचा फरक असा आला. मंगळवारी 40 पाव, बुधवारी 5, गुरुवारी 36, शुक्रवारी 44, शनिवारी 62, रविवारी 70, सोमवारी 38.

बुधवारकडे बघा. वेटर तेच, भटारखाना तोच, गावही तेच. बुधवारी काउंटरवरच्या पोराची सुट्टी असते आणि गल्ल्यावर मालकांचा पुतण्या बसतो. मालक लगेच उठायलाच निघाले होते. मी म्हटलं, थांबा दादा, बुधवारी तुमच्याकडे गर्दीही कमी असते. पुढच्या आठवड्यात घरच्या लग्नाचं निमित्त करून त्याची सुट्टी शनिवारी फिरवली. त्या शनिवारी विक्री नेहमीसारखीच झाली आणि फरक आला 8 पावांचा. त्याच आठवड्यात बुधवारी तो कामावर होता, त्या दिवशी 33. आता बोलण्यासारखं काहीतरी हातात आलं.

रकमेचा अंदाजही याच आकड्यांतून निघतो. पहिल्या आठवड्यात तो असलेल्या सहा दिवसांचा फरक 290 पाव. रोज पाच पाव नेहमीची गळती म्हणून सोडले तर 260 उरतात, म्हणजे 130 प्लेट, म्हणजे आठवड्याला 10,400 रुपये. रोज साधारण 24-25 हजारांची विक्री असलेल्या हॉटेलात ही रक्कम मालकाच्या नफ्यातला मोठा लचका आहे, पण गल्ला मोजून ती कधीच दिसली नसती.

पैसे नक्की कुठून निसटत होते

आकड्यांनी एवढंच सांगितलं की विक्री होते आणि बिल होत नाही. कसं, हे बघायला मी दोन दिवस कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मिसळ खाल्ली. (त्याचे पैसे मालकांनी घेतले नाहीत, आणि तो फरकही त्या दिवशीच्या पावांत आला!)

या हॉटेलात ऑर्डर तोंडी जायची. वेटर आरोळी मारायचा, "दोन मिसळ, एक जादा तर्री!" आणि भटारखाना वाढायचा. कागद जन्माला यायचा तो थेट बिलाचा, गिऱ्हाईक उठायच्या वेळी. मधे काहीच नाही.

गिऱ्हाईक बिल बघतं, पैसे बडीशेपेच्या ताटलीत ठेवतं आणि जातं. बिल तिथंच पडून राहतं. दोन मिसळ, दोन चहा, असं बिल दिवसात वीस-पंचवीस टेबलांना लागतं. मग पुढच्या तशाच टेबलाला तेच जुनं बिल नेऊन ठेवलं तर? गिऱ्हाईक आकडा बघतं, वर छापलेली वेळ कोण बघतो! पैसे येतात, मशिनला हात लागत नाही. बिलांचे नंबर सलग राहतात, रद्द झालेलं बिल एकही नसतं, गल्ला जुळतो. मशिनच्या कुठल्याही रिपोर्टात याचा माग निघत नाही. ताटलीतलं बिल मिळालं नाही तर मशिनमधून जुन्या बिलाची पुन्हा छपाई करता येत होती, आणि त्या छपाईवर 'डुप्लिकेट' असा शिक्का उमटवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असूनही कुणी ती चालू केलेली नव्हती. यात वेटरची साथ लागतेच असं नाही. गर्दीच्या वेळी काउंटरवाला स्वतःच चार टेबलांना बिलं देत होता.

इथे इतिहासातली एक गोष्ट आठवते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाचा एक दारूच्या गुत्त्याचा मालक होता. नोकर पैसे खिशात घालतात म्हणून वैतागून त्यानं आपल्या भावाच्या मदतीनं 1879 साली गल्ल्याचं यंत्र बनवलं. त्या पहिल्या यंत्रावर घड्याळासारखी तबकडी होती आणि बटण दाबलं की रक्कम तिच्यावर दिसायची. रक्कम दिसली की समोरचं गिऱ्हाईक आपोआप साक्षीदार होतं. आपल्याकडे संगणक आले, पण काउंटरचा पडदा मात्र फक्त आतल्या माणसाकडे तोंड करून बसला.

उपाय: मधला कागद

सगळ्यात आधी आरोळी बंद केली. वेटरांना नंबर छापलेली चिठ्ठीपुस्तकं दिली, कार्बनची, दोन प्रतींची. पांढरी भटारखान्यात, पिवळी काउंटरवर. भटारखान्यातल्या माणसाला एकच सांगितलं: चिठ्ठी आल्याशिवाय प्लेट द्यायची नाही, आणि दिली की चिठ्ठी खिळ्यावर खोचायची. कोणतं पुस्तक कोणत्या वेटरकडे, हे मालकीणबाईंच्या वहीत. पुस्तकातली एखादी चिठ्ठी गहाळ झाली तर ज्याचं पुस्तक त्यानं उत्तर द्यायचं.

पहिले चार दिवस फार गोंधळ झाला, हे खरं सांगतो. रविवारी अकरा वाजता वेटर चिठ्ठ्या लिहीत बसले आणि गिऱ्हाईक ओरडायला लागलं. मग चिठ्ठीवर मिसळ, पाव, वडा, चहा, ताक असे रकाने छापूनच घेतले. वेटरनं नुसता आकडा टाकायचा. त्यानंतर काम सुरळीत झालं.

संध्याकाळी मालकीणबाई खिळ्यावरच्या पांढऱ्या चिठ्ठ्या उतरवतात, मिसळींची बेरीज करतात आणि मशिनच्या पदार्थवार विक्रीशी ताडतात. सगळ्या पदार्थांची नाही, फक्त मिसळीची. चाळीस मिनिटं लागतात. हे काम काउंटरवाल्याकडे कधीही द्यायचं नाही, आणि चिठ्ठ्यांचा खिळा काउंटरवरून हाताला लागेल असा ठेवायचा नाही. तीन कामं तीन हातांत असली पाहिजेत: माल देणं, पैसे घेणं, आणि दोन्हींचा ताळा घेणं. लहान धंद्यात माणसं नसतात म्हणून ही कामं एकाकडे येतात, ते समजतं. पण मग ताळा घेण्याचं काम घरच्या माणसानं स्वतःकडे ठेवावं. पैसे घ्यायला नोकर चालेल, ताळ्याला नाही.

बिलांसाठी दुसरी सोय. पैसे दिले की गिऱ्हाइकासमोर बिलाचा कोपरा फाडायचा. फाटलेलं बिल दुसऱ्या टेबलावर नेता येत नाही. पुन्हा छपाई आणि बिल रद्द करणं या दोन्ही गोष्टी मालकाच्या पिनखाली घेतल्या. पिन मालकाचीच राहिली पाहिजे. "पिन 1234 ठेवा म्हणजे लक्षात राहील," असा सल्ला काउंटरवाल्यानंच दिला होता, हे नंतर कळलं.

रद्द बिलं

जुन्या बिलाची वाट बंद झाली की पुढची वाट बहुधा ही असते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवा. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं, मग मशिनमध्ये ते बिल रद्द करायचं. ओळखायची खूण साधी आहे. बिल खरोखर रद्द झालं असेल, म्हणजे ऑर्डर चुकली, गिऱ्हाईक उठून गेलं, तर छापलेला कागद काउंटरवरच असतो. पैसे घेऊन मग रद्द केलं असेल तर कागद गिऱ्हाइकाबरोबर गेलेला असतो किंवा फाटलेला असतो. म्हणून नियम: मूळ, न फाटलेला कागद, मागे कारण आणि वेटरची सही, हे असेल तरच रद्द. कागद नाही तर विक्री झाली असं धरायचं. शिवाय आठवड्यातून एकदा रद्द बिलांची यादी काढून छपाईची वेळ आणि रद्द केल्याची वेळ शेजारीशेजारी बघायची. खरी चूक दोन-तीन मिनिटांत सुधारली जाते. रात्री दुकान बंद करताना एकदम पाच बिलं रद्द होत असतील तर दिवसभराचा हिशेब मागाहून जुळवला जातोय.

टॅलीत बिलं करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रद्द केलेलं व्हाउचर नंबरासकट जागेवर राहतं, पण डिलीट केलेलं उडून जातं, आणि ऑटोमॅटिक नंबर असतील तर मागचे नंबर सरकून ती फट बुजूही शकते. त्यामुळे काउंटरच्या यूजरला डिलीटचा अधिकार द्यायचा नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणेही बिलाचा नंबर आर्थिक वर्षात सलग आणि एकमेव असावा लागतो, त्यामुळे फट दिसली की ती आतल्या चोरीपुरती राहत नाही, कर अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.

यूपीआय

"आमच्याकडे निम्मे पैसे ऑनलाइन येतात, तिथे कोण काय करणार?" असं मालक म्हणाले. दोन गोष्टी करता येतात.

पहिली ढोबळ: दुकानाच्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवणं, किंवा "साउंडबॉक्स बंद आहे, या नंबरवर टाका" असं सांगणं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर प्रत्येक टेबलावरचा क्यूआर स्वतःच्या फोननं स्कॅन करून नाव बघायचं आणि एक रुपया टाकून साउंडबॉक्स बोलतो का ऐकायचं. पाच मिनिटांचं काम.

दुसरी जास्त हुशारीची. एका टेबलाला जुनं बिल दिलं, गिऱ्हाइकानं 160 रुपये यूपीआयनं भरले. पैसे तर मालकाच्या खात्यात गेले. काउंटरवाल्याला काय मिळालं? पुढे दोन टेबलांनी प्रत्येकी 80 रुपये रोख दिले की त्या बिलांवर पैसे मिळाल्याचा प्रकार 'रोख'ऐवजी 'यूपीआय' टाकायचा आणि 160 रोख खिशात. संध्याकाळी यूपीआयची बेरीज बँकेशी जुळते, रोख गल्ल्याशी जुळते. एकूण आकडे बघणाऱ्याला यात काहीही सापडणार नाही.

ओळीला ओळ लावली की सापडतं. बँकेच्या किंवा पेमेंट अॅपच्या यादीत 11:20 ला 160 जमा आहेत, आणि मशिनमध्ये त्या सुमाराला 160 चं यूपीआय बिलच नाही. उलट 11:42 आणि 11:50 ला 80-80 ची दोन यूपीआय बिलं आहेत, ज्यांचे पैसे कुठेच आलेले नाहीत. रोजच्या सगळ्या ओळी लावायची गरज नाही. गर्दीचा एक तास निवडायचा, रोज वेगळा, आणि तेवढ्याच ओळी लावायच्या. बँकेत बिलांपेक्षा जास्त पैसे आले तरी खूश व्हायचं नाही. तो कमी पैशांइतकाच वाईट इशारा आहे, कारण जादा पैसे बिल न झालेल्या विक्रीचे असतात.

गल्ला मोजायची रीत

गल्ला मोजायचा असतोच, फक्त त्याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवायची नाही. रीत अशी ठेवली. सकाळी ठरलेले 2,000 रुपये सुटे. संध्याकाळी काउंटरवाला आधी नोटा मोजून कागदावर लिहितो: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती. तोवर त्याला मशिनचा आकडा दिसत नाही. तो कागद हातात आल्यावर मालक दिवसाचा रिपोर्ट काढतात. आधी आकडा बघून मग मोजलं की माणूस तो आकडा येईपर्यंतच मोजतो, जास्तीचे बाजूला जातात.

एका दिवसाचा रोजमेळ: सुरुवातीचे 2,000, अधिक रोख विक्री 14,360, वजा दूध 640 आणि भाजी 510, वजा दुपारी मालकांनी नेलेले 10,000. असायला हवेत 5,210, मोजले 5,180. तीस रुपये कमी. हे तीस लिहून ठेवायचे, काउंटरवाल्याकडून वसूल करायचे नाहीत. वसूल केले की माणूस उद्यापासून वर पडलेले दहा-वीस बाजूला ठेवायला शिकतो, कमी पडले की भरायला, आणि मग तुमचा फरक रोज शून्य येतो. मला महिनाभर रोज शून्य फरक दाखवणारा गल्ला दिसला की मी तो पुन्हा बघतो. सुट्यांच्या धंद्यात तसं होत नाही.

दुपारी पैसे काढून घ्यायचे ते दोन कारणांनी: गल्ल्यात मोठी रक्कम राहत नाही, आणि मधेच अवचित मोजणी करायला निमित्त मिळतं.

आता मालकांना न आवडलेली गोष्ट. पहिल्या आठवड्यात गल्ल्यातला सगळ्यात मोठा बिनचिठ्ठीचा खर्च त्यांचाच निघाला. पेट्रोलला पाचशे, वर्गणीला दोनशे, पोराच्या वहीला शंभर. मालकाचे पैसे आहेत, नेऊ देत. पण चिठ्ठी न टाकता नेले की गल्ला आठवणीवर जुळवावा लागतो आणि काउंटरवाल्याला "दादा, तुम्हीच सकाळी नेले होते," हे उत्तर कायमचं मिळतं. आता गल्ल्यात लाल पुस्तक आहे, मालकाच्या उचलीचं.

याहून अवघड गोष्ट एक आहे. मालक स्वतःच काही विक्री बिलाबाहेर ठेवत असेल, तर वर लिहिलेलं काहीही चालणार नाही. जीएसटीत नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर 200 रुपयांच्या आतल्या विक्रीचं वेगळं बिल न देण्याची मुभा आहे, पण अशा सगळ्या विक्रीचं दिवसअखेर एकत्र बिल करावंच लागतं. पुष्कळ जण पहिला अर्धाच नियम लक्षात ठेवतात. एकदा का "हे मशिनला टाकू नको" असं मालकाच्या तोंडून गेलं, की कुठलं टाकायचं नाही हे नोकर ठरवतो, आणि त्याला पकडलं तर तो कुठे जाऊन काय सांगेल ही भीती मालकालाच असते. अशा दोन ठिकाणांहून मी काम सोडून निघून आलो आहे.

हे कुठे कमी पडतं

भटारखाना आणि काउंटर एक झाले तर चिठ्ठीशिवाय प्लेट बाहेर जाते. तेव्हा चिठ्ठ्या जुळतात, पण पाव जुळत नाहीत. म्हणून पावांची मोजणी चिठ्ठ्या सुरू केल्यावरही सोडायची नाही. पावसुद्धा बाहेरून आणून भरता येतात, चार लाद्या पिशवीतून आणल्या की हिशेब साफ. बारमध्ये स्वतःची बाटली आणून विकणारे असतात तशीच ही युक्ती. तेव्हा मटकीच्या किलोमागे किती प्लेटी निघतात हे दुसरं माप लागतं. एक किलो कोरड्या मटकीच्या किती प्लेटी होतात ते दोन दिवस स्वतः उभं राहून मोजून ठेवा, दुसऱ्या हॉटेलचा आकडा घेऊ नका. वाढायचा डाव प्रत्येकाचा वेगळा असतो.

कॅमेरा इथे होता. तो काउंटरवरच्या पोराचा चेहरा छान दाखवत होता. गल्ल्याचा खण आणि हात दिसत नव्हते. फिरवून वरून लावला. तरीही कॅमेऱ्यानं चोरी सापडत नाही. चिठ्ठ्यांत फरक सापडला की नेमकं कोणत्या वेळचं चित्रण बघायचं तेवढं कळतं. दिवसभराचं चित्रण बघत कोण बसणार?

सापडल्यावर सगळ्यांसमोर तमाशा करू नका, आणि पगारातून परस्पर कापूनही घेऊ नका. नोकरानं मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि विश्वासानं सोपवलेल्या पैशांचा अपहार कलम 316 मध्ये येतो. पण पोलिसांकडे जायचं तर "पाव कमी पडतात" यावर काही होत नाही. तारखेसह पाववही, चिठ्ठ्या, दोन वेगळ्या टेबलांना वापरलेली तीच बिलं, बँकेच्या यादीतल्या न लागलेल्या ओळी, हे सगळं हातात असावं लागतं. कागद आधी जमवा, बोला नंतर.

या हॉटेलात तिथवर गेलंच नाही. चिठ्ठीपुस्तकं आल्याच्या नवव्या दिवशी काउंटरवरच्या पोरानं गावाकडे शेती बघायची आहे म्हणून हिशेब मागितला. मालकांनी पगार दिला आणि काही बोलले नाहीत. मला ते पटलं नाही, पण निर्णय त्यांचा होता. आता काउंटरवर पुतण्या बसतो आणि पावांचा फरक चार ते नऊच्या मधे राहतो. घरातलाच माणूस आहे म्हणून मोजणी बंद करू का, असं मालकांनी विचारलं होतं. पावांची वही अजून चालू आहे. चिठ्ठ्यांची बेरीज मात्र आता रोज नाही, आठवड्यातले कुठलेही तीन दिवस होते, आणि कोणते तीन ते मालकीणबाई त्याच दिवशी संध्याकाळी ठरवतात.